पहिला पाऊस पडला, पेरणी कधी करायची? खरीप सोयाबीनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूचना : औसा, निलंगा आणि लातूर तालुक्यांतल्या शेतकरी बांधवांसाठी

रोहिणीच्या सरी येऊन गेल्या आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर दुकानात बियाण्याची विचारपूस सुरू झाली. काउंटरवर गर्दीत प्रत्येकाशी नीट बोलणं होत नाही, म्हणून दर हंगामात विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. आपल्या भागात खरिपाची बहुतेक पेरणी सोयाबीनची असते, त्यामुळे सगळा भर सोयाबीनवर आहे. बियाणं न्यायला येण्याआधी निदान पहिले चार प्रश्न वाचून या.

काल रात्री चांगला पाऊस झाला. आज तिफण जुंपू का?

नको. एका पावसावर सोयाबीन पेरू नका. शेतात एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत ओल खोल गेली पाहिजे. भारी काळ्या रानात १०० च्या जवळ जाऊ द्या. हलक्या-मध्यम रानात ७५ वर वाफसा आला की पेरता येतं.

याचं कारण सोयाबीनच्या दाण्यातच आहे. उगवण्यासाठी सोयाबीनचा दाणा आपल्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी शोषतो. मक्याला त्याहून बरंच कमी लागतं. वरच्या दोन इंचात ओल आणि खाली कोरडं असेल तर दाणा फुगतो, कोंब हलतो आणि तेवढ्यात दोन दिवस ऊन पडलं की वरची माती सुकते. अर्धवट फुगून सुकलेला दाणा पुढचा पाऊस आला तरी उगवत नाही, जमिनीत कुजून जातो. दुबार पेरणीच्या बऱ्याच तक्रारी अशाच घाईतून येतात. अशा वेळी बियाणं चांगलं असूनही पैसे जातात, आणि ते भरून देणारं कुणी नसतं.

माझ्या शेतात किती पाऊस पडला हे मला कसं कळणार?

मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा तलाठी किंवा कृषी सहायकांकडून कळतो. पण मृगाचा पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारचं शिवार कोरडं ठेवतो, म्हणून आपलं माप आपण ठेवलेलं बरं. सरळ उभ्या भिंतीचा, तोंड आणि तळ सारख्या मापाचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवा. झाड, भिंत, छप्पर यांच्यापासून तो दूर असावा. रोज सकाळी डब्यातलं पाणी पट्टीने मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. सगळ्या दिवसांची बेरीज धरा, पण मध्ये आठ-दहा दिवस कडक ऊन पडलं असेल तर आधीचा पाऊस हिशेबातून सोडून द्या. ती ओल उडून गेलेली असते.

आकड्यावरच थांबू नका, रानात खणून बघा. शेतात तीन-चार ठिकाणी कुदळीने वीतभर खड्डा घ्या आणि तळाची माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि अंगठ्याने दाबल्यावर तो फुटला तर वाफसा आहे. लाडू वळतच नसेल तर ओल कमी आहे. माती हाताला चिकटत असेल, दाबल्यावर फुटण्याऐवजी चपटी होत असेल तर रान अजून ओलं आहे, एक-दोन दिवस थांबा. चिखलात पेरलं की तिफणीच्या फणाने तासाची माती लिंपली जाते आणि वाळल्यावर घट्ट बसते. मग बी आतच अडकतं.

थांबलो तर पेरणी उशिरा होऊन उतारा घटणार नाही का?

सोयाबीनसाठी १५ जून ते १५ जुलै हा काळ चांगला आहे. मृगात ओल पुरली तर उत्तमच, पण आर्द्रा नक्षत्रात पेरलेलं सोयाबीनही आपल्याकडे चांगलं येतं. म्हणजे जूनच्या मध्यात ओलीसाठी आठ-दहा दिवस थांबलात तर हंगाम हातून जात नाही. जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की मात्र उतारा खरंच घटायला लागतो. तेव्हा फुले संगमसारखे शंभर-एकशे पाच दिवस घेणारे वाण सोडून लवकर येणारा वाण घ्या, किंवा दुसऱ्या पिकाचा विचार करा. तोवर घाबरून पेरू नका.

गेल्या वर्षीचं घरचं सोयाबीन ठेवलंय. तेच पेरलं तर चालेल का?

चालेल, आणि आम्ही बियाणं विकत असलो तरी हे स्पष्ट सांगतो. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे, वाण सहज बदलत नाही. एकदा प्रमाणित बियाणं घेतलं की त्यातून आलेलं निवडक बी पुढची दोन-तीन वर्षं वापरता येतं. संकरित बियाण्यासारखी दरवर्षी नवीन पिशवी घ्यायची गरज इथे नाही.

अट एकच, उगवण तपासल्याशिवाय पेरायचं नाही. सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ असते आणि कोंब त्या सालीच्या लगेच आत असतो. मळणी यंत्र जोरात फिरवलं असेल, पोतं गाडीवरून आपटलं असेल, थप्पी सात-आठ पोत्यांपेक्षा उंच लावली असेल, तर दाणा बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आत कोंब मेलेला असतो. काढणीच्या वेळी शेंगा पावसात भिजल्या असतील तर धोका आणखी मोठा. ऑक्टोबर २०१९ च्या पावसात राज्यभर काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं आणि जून २०२० मध्ये उगवण न झाल्याच्या हजारो तक्रारी आल्या. त्या बियाण्याचं बरंच नुकसान काढणीच्या वेळीच झालेलं होतं, ते दिसलं मात्र पेरणीनंतर.

म्हणून गेल्या दिवाळीच्या आसपास तुमच्या सोयाबीनला पाऊस लागला होता का, हे आठवा. लागला असेल तर तपासणी दोनदा करा. दोन वर्षांपूर्वीचं पडून राहिलेलं बी तर खायच्या तेलालाच जाऊ द्या. सोयाबीनची उगवणशक्ती साठवणीत झपाट्याने उतरते.

उगवण घरी कशी तपासायची?

प्रत्येक पोत्यातून वरचं, मधलं आणि तळचं थोडं थोडं बी काढून एकत्र करा. नुसते मोठे-गोल दाणे वेचू नका, हाताला येतील तसे १०० दाणे मोजा. असे तीन संच करा.

गोणपाटाचा एक तुकडा भिजवून पिळून घ्या. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी लावा, दोन दाण्यांत बोटभर अंतर ठेवा. वरून दुसरा ओला तुकडा टाका आणि हलक्या हाताने गुंडाळी करा. गुंडाळी सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. पाणी टपकायला लागेल इतकं नको, बी सडतं. सहा-सात दिवसांनी उघडून मोजा. गोणपाट नसेल तर वर्तमानपत्राच्या चार घड्या भिजवून त्यात दहा दाणे ठेवून सुरळी करा. अशा दहा सुरळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात ठेवल्या तर चार-पाच दिवसांत निकाल दिसतो.

मोजताना हात सैल सोडू नका. लांब मूळ, सरळ देठ आणि दोन्ही डाळिंब्या शाबूत असलेला अंकुरच मोजायचा. नुसता फुगलेला दाणा, आखूड बोथट मुळाचा कोंब, डाळिंबी तुटलेली किंवा बुरशीने वेढलेला अंकुर यातलं काहीही धरू नका. गोणपाटाच्या उबेत तो कसाबसा दिसतो, रानात वर येत नाही.

आठवडाभर थांबायला वेळच नसेल तर निदान एवढं करा. शंभर दाणे साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटं टाका. ज्यांची साल लगेच सुरकुतून फुगली ते दाणे तडकलेले आहेत. असे दाणे बरेच निघाले तर ते बी बाजूला ठेवा. यावरून साल किती फुटली ते कळतं, उगवण मात्र कळत नाही. त्यासाठी गोणपाटच हवं.

उगवण ७० टक्क्यांपेक्षा कमी निघाली तर?

प्रमाणित सोयाबीन बियाण्याला कायद्याने किमान ७० टक्के उगवण लागते, आणि एकरी ३० किलोचा हिशेब त्याच ७० टक्क्यांवर धरलेला आहे. उगवण कमी असेल तर त्या प्रमाणात बी वाढवायचं. ३० ला ७० ने गुणा आणि तुमच्या उगवणीने भागा.

समजा एका शेतकऱ्याची तीन एकर काळी जमीन आहे आणि घरचं बी आहे. त्यांनी तीन संच लावले, ६६, ६३ आणि ६६ अंकुर आले. सरासरी ६५ टक्के. ३० गुणिले ७० म्हणजे २१००, भागिले ६५ केलं की एकरी ३२ किलोच्या थोडं वर येतं. तीन एकराला ९७ किलो बी लागेल. ३० च्या हिशेबाने ९० किलोच नेलं असतं तर रान विरळ राहिलं असतं. त्यांच्याकडे चाळलेलं एक क्विंटल बी असेल तर दुकानातून एकही पिशवी घ्यायची गरज नाही.

६० टक्के निघाली तर एकरी ३५ किलो लागतं. त्याच्या खाली गेलं की आम्ही ते बी पेरायला सांगत नाही. किलो वाढवून संख्या भरते, पण जे दाणे उगवतात तेही कमजोर असतात. उगवायला दोन-तीन दिवस जास्त घेतात आणि थोडं कडक ऊन किंवा जोराचा पाऊस पडला की बसतात.

दुकानातली पिशवी घेतली तर ती तपासायची गरज आहे का?

आहे. पिशवीवरची चाचणी काही महिन्यांपूर्वीची असते. मधल्या काळात पिशवी गोदामात, ट्रकमध्ये, आमच्या दुकानात आणि तुमच्या घरी हाताळली जाते. म्हणून पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी बी घरी न्या आणि पिशवीतून शंभर दाणे काढून गोणपाटात घाला. पिशवी खालच्या बाजूने उसवा, म्हणजे वरचा टॅग आणि शिलाई जशीच्या तशी राहते. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच टॅग कामी येतो.

टॅगचा रंगही बघा. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, म्हणजे त्या प्लॉटची पाहणी आणि बियाण्याची चाचणी बीज प्रमाणीकरण यंत्रणेने केलेली असते. सत्यप्रत बियाण्याला हिरवट लेबल असतं. त्याच्या गुणवत्तेची हमी कंपनी स्वतः देते. सत्यप्रत बी वाईट असतं असं नाही, पण आपण काय घेतोय हे माहीत असावं. दोन्हींवर वाण, लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि वापरायची मुदत छापलेली असते. मुदत संपलेली पिशवी आमच्या दुकानात दिसली तरी घेऊ नका, लगेच दाखवा.

वाण कोणता घेऊ?

रानाकडे बघून ठरवा. हलक्या-मध्यम जमिनीला आणि पावसाचा भरवसा नसेल तिथे ९५ दिवसांच्या आसपास येणारे वाण बरे. परभणी विद्यापीठाचे एमएयूएस १५८ आणि एमएयूएस ६१२ आपल्याकडे जमलेले आहेत. भारी जमीन, एखादं पाणी द्यायची सोय असेल तर फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, घ्यायला हरकत नाही. तो पसरतो, म्हणून दाट पेरू नका. सगळं रान एकाच वाणाखाली घालू नका, निदान दोन वाण ठेवा. काढणीच्या वेळी पाऊस आला तर एक तरी वाचतो, आणि मजूरही एकदम लागत नाहीत.

किती खोल आणि किती अंतरावर पेरायचं?

दोन ओळींत १८ इंच आणि ओळीत दोन रोपांमध्ये दोन इंच अंतर. खोली दीड इंच, फार तर दोन इंच. इथे तुरीची सवय आड येते. तुरीचं बी खोल गेलं तरी निभावतं, कारण तुरीच्या डाळिंब्या जमिनीतच राहतात आणि नुसता कोंब वर येतो. सोयाबीनला आपल्या दोन्ही डाळिंब्या वर ओढून आणाव्या लागतात. कोंबाची मान वाकते आणि ती वाकलेली मान माती ढकलत वर येते. बी तीन इंच खाली गेलं की मान अर्ध्या वाटेतच थकते.

पेरणी यंत्राची खोली घरच्या रानात आधी तपासा. दहा फूट चालवून थांबा आणि ओळ उकरून बी किती खाली गेलं ते बोटाने मोजा. ट्रॅक्टरवाले मागे गिऱ्हाईक थांबलेलं असतं म्हणून घाई करतात, पण एवढं करून घ्या. जमलं तर रुंद सरी-वरंबा पद्धतीने पेरा. बी कमी लागतं, जोराचा पाऊस आला तर पाणी सरीतून निघून जातं आणि खंड पडला तर ओल टिकते.

पेरलं आणि लगेच मोठा पाऊस झाला तर?

काळ्या-चिकण रानात मोठ्या पावसानंतर ऊन पडलं की वर पापुद्रा धरतो आणि वाकलेली मान त्याखाली तुटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रानात जाऊन दोन-तीन ओळी हलक्या हाताने उकरा. बी फुटलेलं आहे, मान पापुद्र्याला टेकली आहे आणि वर येत नाही असं दिसलं तर तुषारने हलकं पाणी द्या. ती सोय नसेल तर ओळीवरून काटेरी झुडपाची फांदी हलकेच ओढा. दंताळं दाबून चालवू नका, कोंब तुटतात.

आठ-दहा दिवसांनी शेतात वेगवेगळ्या दहा ठिकाणी एक-एक मीटर ओळ मोजा. पूर्ण उगवण असेल तर मीटरला वीसच्या आसपास रोपं दिसतात. सरासरी दहा-बारा असतील आणि ती सारखी पसरलेली असतील तर आमच्या मते रान मोडू नका. सोयाबीनला जागा मिळाली की ते फांद्या टाकून बरीचशी जागा भरून काढतं. मोकळे पट्टे पडले असतील तर तेवढेच लवकर सांधा.

बीजप्रक्रिया खरंच लागते का? त्यात कशानंतर काय लावायचं?

लागते. खोडमाशी आणि बुरशीचा पहिला फटका रोप दोन-तीन पानांचं असतानाच बसतो, तेव्हा वरून फवारून फार उपयोग होत नाही. पुढे यलो मोझॅक पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीलाही सुरुवातीला आळा बसतो. खर्च फवारणीपेक्षा पुष्कळ कमी.

क्रम लक्षात ठेवा : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक. बुरशीनाशकात कार्बोक्सिन आणि थायरम यांचं मिश्रण एका किलो बियाण्याला ३ ग्रॅम लावतात. ते सुकल्यावर थायमिथोक्झाम ३० टक्के एफएस किलोला १० मिली. पेरणीच्या दिवशी सकाळी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. द्रवरूप असतील तर प्रत्येकी १०० मिली. रायझोबियमचं पाकीट घेताना त्यावर सोयाबीन लिहिलेलं आहे ना ते बघा. तूर-मुगाचं रायझोबियम सोयाबीनच्या मुळावर गाठी करत नाही.

बी चोळू नका, साल सुटते. ताडपत्रीवर पसरून वरून औषध शिंपडा आणि दोघांनी ताडपत्रीची टोकं धरून बी इकडून तिकडे हलवा. हातमोजे घाला. सुकवणं सावलीतच, उन्हात जिवाणू मरतात. जिवाणू लावलेलं बी दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.

काही पिशव्यांमधलं बी कंपनीनेच औषध लावून लाल-गुलाबी केलेलं असतं. त्यावर पुन्हा बुरशीनाशक नको, फक्त जिवाणू लावा. असं रंगवलेलं उरलेलं बी जनावरांना, कोंबड्यांना किंवा आडतीवर घालू नका, ते विषारी असतं.

डीएपी मिळत नाही. आता काय करू?

दरवर्षी जूनमध्ये डीएपीसाठी रांग लागते आणि डीएपी नाही म्हणून लोक पेरणी अडवून धरतात. सोयाबीनला डीएपीच पाहिजे असं काही नाही. मराठवाड्यासाठी परभणीची शिफारस एकरात सांगायची तर साधारण १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश आणि ८ किलो गंधक अशी येते. ती तीन रस्त्यांनी भरता येते.

पहिला रस्ता सिंगल सुपर फॉस्फेटचा. एकरी तीन पिशव्या, म्हणजे १५० किलो सुपर फॉस्फेट, २६ किलो युरिया आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. सुपर फॉस्फेटमध्ये गंधक असतंच, त्यामुळे वेगळं घ्यावं लागत नाही. सोयाबीन तेलबिया पीक आहे, त्याला गंधक लागतं. वाहतुकीला पिशव्या जास्त होतात हे खरं, पण आम्हाला हाच रस्ता बरा वाटतो.

दुसरा १२:३२:१६ चा. एकरी दीड पिशवी, ७५ किलो. त्यातून ९ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १२ किलो पालाश मिळतं. थोडं नत्र कमी पडतं त्याची काळजी करू नका, तीन-चार आठवड्यांत मुळावर गाठी धरल्या की पीक स्वतःचं नत्र स्वतः करतं. सोबत एकरी ९-१० किलो दाणेदार गंधक द्या.

तिसरा डीएपीचा. मिळाला तर एकरी एक पिशवी, सोबत २० किलो पोटॅश आणि वेगळं गंधक.

जमीन आरोग्य पत्रिका असेल तर घेऊन या. आपल्या काळ्या जमिनींत पालाश बरेचदा भरपूर असतं, तसा अहवाल असेल तर पोटॅशचे पैसे वाचतील.

खत आणि बी एकाच चाड्यातून पेरलं तर?

करू नका. खत बियाण्याला चिकटलं की त्याच्या क्षाराने कोंब जळतो, आणि सकाळी लावलेले जिवाणूही मरतात. युरिया तर बियाण्याजवळ अजिबात नको. खत बियाण्याच्या दोन इंच खाली आणि थोडं बाजूला पडेल असं दोन पेट्यांचं यंत्र वापरा. तिफणीवर पेरत असाल तर खत आधी पेरून घ्या. उगवल्यावर पिवळेपणा दिसला म्हणून युरिया फेकायचीही घाई नको. नत्र जास्त झालं की गाठी कमी धरतात, झाड उंच माजतं आणि शेंगा कमी लागतात.

खत खरं आहे की बनावट, हे घरी कळतं का?

डीएपीचे चार दाणे तळहातावर घेऊन तंबाखूचा चुना लावून चोळा. नाकाला झोंबणारा उग्र वास आला पाहिजे. तव्यावर मंद आचेवर ठेवले तर दाणे फुगतात. युरियाचे दाणे पाण्यात पूर्ण विरघळतात आणि पाणी हाताला गार लागतं. तापलेल्या तव्यावर युरिया वितळून जातो, मागे काही उरत नाही. यातून फक्त शंका घेता येते. शंका आली तर पिशवी वापरणं थांबवा आणि कृषी विभागाच्या निरीक्षकांना कळवा. ते रीतसर नमुना घेतात, आणि प्रयोगशाळेचा अहवालच पुढे ग्राह्य धरला जातो.

खतासाठी काय आणावं लागतं? आणि सोबत दुसरं काही घेतलंच पाहिजे का?

अनुदानित खत ई-पॉस यंत्रावरच मिळतं, म्हणून ज्याच्या नावावर खत घ्यायचं त्याने आधार कार्ड घेऊन स्वतः यावं, अंगठा द्यावा लागतो. पिशवीवर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. ४५ किलो युरियाची पिशवी २६६ रुपये ५० पैशांना आणि ५० किलो डीएपीची १३५० रुपयांना आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. युरिया किंवा डीएपी हवा असेल तर ही बाटली, ते पाकीट घ्यावंच लागेल, अशी सक्ती कुठल्याही दुकानदाराला करता येत नाही. आमच्याकडेही कुणी तसं बोललं तर मालकाला भेटा. इतरत्र असं झालं तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१ आहे, त्यावर मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

पक्कं बिल घ्यायलाच हवं का? उधारीवर घेतलं तर?

रोख असो की उधार, पक्कं बिल घ्याच. बिलावर तुमचं नाव, कंपनी, वाण, लॉट नंबर, मुदत, पिशव्या आणि रक्कम असली पाहिजे, आणि दोघांची सही. लॉट नंबर पिशवीशी ताडून बघा, गर्दीत इथेच चूक होते. चिठ्ठीवर लिहून दिलेला हिशेब पुढे कुणी मानत नाही. बिल, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बी, या चार गोष्टी काढणी होईपर्यंत जपून ठेवा.

सगळं नीट केलं, तरी उगवलं नाही. मग?

रान मोडू नका. दुबार पेरणीची घाई कळते, पण मोडलेल्या रानाचा पंचनामा होत नाही. लगेच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. त्यासोबत बिलाची झेरॉक्स, टॅगचा फोटो आणि पेरणीची तारीख जोडा. अर्जाची पोच घ्या. तालुका तक्रार निवारण समिती शेतावर येते. बी किती खोल पडलं, ओल होती का, त्याच लॉटचं बी इतरांकडे कसं उगवलं, हे सगळं बघून पंचनामा करते. तुम्ही लिहिलेल्या पावसाच्या नोंदी आणि गोणपाटाच्या चाचणीचा फोटो इथे उपयोगी पडतो, कारण पहिला आक्षेप बहुधा हाच असतो की पेरणी अपुऱ्या ओलीवर झाली.

अहवाल बियाणं सदोष असल्याचा आला आणि कंपनी भरपाई देत नसेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आम्हालाही त्याच दिवशी कळवा. त्या लॉटची विक्री आम्ही थांबवू आणि आमच्याकडची नोंद समितीपुढे ठेवू.

बी शिल्लक राहिलं तर परत घेता का?

शिलाई न उसवलेली, कोरडी ठेवलेली पिशवी पक्क्या बिलासह पेरणीचा हंगाम चालू असेपर्यंत परत घेतो. उघडलेली पिशवी किंवा औषध लावलेलं बी घेता येत नाही. म्हणून हिशेब करून घ्या. घरच्या बियाण्याची उगवण आधी काढा, किती एकराला पुरतंय ते बघा आणि कमी पडेल तेवढ्याच पिशव्या न्यायला या. पेरणीच्या दिवसांत दुकान रविवारीही उघडं असतं.